वाचतोस आणि गप्प बसतोस

चष्मेवाले रुसले होते, आणि रुसावं तर त्यांनीच. माणसं दोन दिवस रुसतात, चार दिवस रुसतात, मग काहीतरी निमित्त काढून बोलायला लागतात. चष्मेवाल्यांनी मात्र रुसवा थंडीत धरला तो उन्हाळा सरला तरी सोडला नव्हता. ज्यांच्यावर रुसायचं ते कोट शिवणारे मास्तर. दोघांची दुकानं एका भिंतीला लागून, आणि त्या भिंतीतून अर्धं आयुष्य दोघं एकमेकांवर ओरडत आलेले. मग मास्तरांचे गुडघे गेले, त्यांनी दुकान विकलं आणि बायकोला घेऊन ते मुलीच्या गावी राहायला गेले. जाताना म्हणाले, "फोन करत जाईन." केला कोणी?

तरी चष्मेवाल्यांनी कमीपणा घेऊन आधी मेसेज पाठवला होता. "तुझ्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. येऊन बघ आणि रड." मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे स्वारीने वाचला. उत्तर नाही. फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. झालं, तळपायाची आग मस्तकात गेली. "वाचतोस आणि गप्प बसतोस? मुलीच्या घरी आयतं गिळायला मिळालं की जुनी माणसं नकोशी होतात, नाही का?" त्याच्याही खुणा निळ्या. "एवढा माज बरा नव्हे. कृतघ्न आहेस. यापुढे माझ्या दारात उभा राहू नकोस." निळ्या.

आता दारात उभा राहू नकोस म्हटल्यावर विषय संपायला हवा. पण चष्मेवाल्यांना भांडण मिटवता येत नव्हतं तसं अर्धवट सोडवतही नव्हतं. दर आठवड्याला ते काही ना काही लिहायचेच. "तुझ्याशी बोलायचं नाहीच, पण ऐक. तुझा तो लांब हाताचा वकील आला होता. त्याच्या बाह्या आता कोण पुरवणार?" वाचलं जायचं. उत्तर यायचं नाही. आणि चष्मेवाले पुन्हा तणतणायचे.

त्या दिवशी दुकानात बँकेतले जुने कॅशियर बसले होते. नाकावर चाचणीची जाड फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता. चष्मेवाले एकेक भिंग फ्रेमच्या खाचेत सरकवत होते.

"हे बरं की मघाचं?"

"मघाचं. अहो, या कोटाचं अस्तर सुटलंय बघा. मास्तर असते तर उभ्या उभ्या टाके घालून दिले असते. फार लवकर वारले."

चष्मेवाल्यांच्या हातातलं भिंग ट्रेमध्ये पडलं.

"कोण वारलं?"

"मास्तर. आपले मास्तर." कॅशियरांनी जाड फ्रेमआडून डोळे बारीक केले. "थंडीच्या सुरुवातीलाच नाही का? झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. अहो, तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?"

"तुम्हालाच पहिल्यांदा कळलं असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो. तुम्हाला काय सांगायचं? उलट तुम्ही बाजारात एक अक्षर काढत नव्हतात, म्हणून आम्हीही तुमच्यासमोर विषय काढला नाही. म्हटलं, मनाला फार लागलंय."

चष्मेवाल्यांनी कॅशियरांच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली आणि त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. मग भर दुपारी शटर ओढलं. काय बाजार म्हणायचा हा! कोणाच्या घरात भांडं पडलं तरी संध्याकाळपर्यंत चौकात कळतं. आणि ज्याचा जिवाभावाचा माणूस गेला, नेमकं त्यालाच सांगायचं नाही. का, तर त्याला कळलं असणार! रस्त्याने घरी जाताना ते स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, आणि माणसं बाजूला होत होती.

बायकोने बातमी ऐकली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "आधी वहिनींना पत्र लिहा."

"फोन करतो."

"इतक्या महिन्यांनी फोन? त्या भाजी चिरत असतील, कुठे दवाखान्यात असतील. तुम्ही इकडून हुंदके देणार, आणि त्यांनी तुमची समजूत घालायची? पत्र त्यांना हवं तेव्हा उघडता येतं."

चष्मेवाले जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. पहिलं पत्र चटकन उतरलं. मृत्यू कोणाला चुकला नाही, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. बायकोने वाचलं आणि परत सरकवलं.

"यातलं मास्तरांचं नाव काढून आपल्या दूधवाल्याचं घाला. चालेल?"

चालत होतं. चष्मेवाल्यांनी कागद फाडला. दुसऱ्या पत्रात सगळा राग ओतला. मला कोणीही कळवलं नाही, बाजार असा, माणसं अशी, तुमच्या मुलीलाही एक फोन करावासा वाटला नाही. दोन्ही बाजू भरल्या.

"वहिनींचा नवरा गेलाय," बायको म्हणाली, "आणि तुम्ही त्यांच्याकडे तक्रार नोंदवताय. हे वाचून त्यांनी काय करायचं? तुमची माफी मागायची?"

"मग काय, खोटं लिहू? कळवलं नाही हे खरं आहे!"

"खरं आहे. एका ओळीत मावतं तेवढंच."

आपण शेवटचं काय लिहिलं होतं ते बघावं म्हणून त्यांनी फोन उघडला. वरपासून खालपर्यंत स्वतःचेच मेसेज, आणि तारखा. कॅशियर म्हणाले थंडीच्या सुरुवातीला. पहिला मेसेज ऐन थंडीतला, त्याच्याही नंतरचा होता. म्हणजे मास्तरांनी यातला एकही पाहिला नव्हता. मग खुणा निळ्या कोणी केल्या?

मास्तरांचा फोन वहिनींजवळ असणार. माज वहिनींनी वाचला होता. कृतघ्नही वहिनींनीच. आयतं गिळायला मिळालं की, हेसुद्धा.

बायकोने त्यांच्या हातातला फोन घेऊन वाचला. मग हळूच म्हणाली, "याचा उल्लेख नका करू. कशाला उकरायचं? परगावी होतो, आजारी होतो, असं काहीतरी लिहा."

"नाही!" चष्मेवाल्यांनी टेबलावर हात आपटला. "एवढे दिवस मी उचलली जीभ लावली टाळ्याला असं वागलो, आणि आता शेपूट घालून आजारी होतो म्हणू? त्या काय समजतील? त्यांना सगळं ठाऊक आहे. आता खोटं लिहिलं तर हे दुसऱ्यांदा तोंडावर मारल्यासारखं होईल."

तिसरं पत्र लिहायला संध्याकाळ झाली. ते असं होतं:

"वहिनी, मास्तर गेल्याचं मला आज दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं. इतके महिने मी आलो नाही, चौकशी केली नाही. कळलं नव्हतं, हे खरं आहे. पण कळलं नाही कारण मी रुसून बसलो होतो. त्याने फोन उचलला नाही तेव्हा तुमच्या मुलीला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ती चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

त्याच्या फोनवर मी जे लिहीत होतो ते तुम्ही वाचलंय. माज, कृतघ्न, दारात उभा राहू नकोस. ज्या दिवसांत मी तुमच्या शेजारी येऊन बसायचं, त्या दिवसांत मी तुमच्या हातात हे शब्द दिले. मला त्याची लाज वाटते. ते त्याला लागू नव्हते.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने त्याच्या दुकानाबरोबर माझंही उघडलं होतं. भिंगांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. येईल त्याला सांगायचा, 'मालकालाच दिसत नाही सध्या, तो तुम्हाला काय दाखवणार? पुढच्या महिन्यात या.' गिऱ्हाइकं हसत परत गेली, आणि सगळी पुढच्या महिन्यात आली. हे मी त्याला कधी चांगल्या शब्दांत बोलून दाखवलं नाही.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. माफ करा असंही म्हणत नाही, ते तुमच्यावर ओझं होईल. तुम्ही म्हणाल तर येईन. नको म्हणाल तर येणार नाही, पण इथलं कुठलंही काम असेल तर सांगा."

बायकोने वाचलं आणि या वेळी पत्र परत सरकवलं नाही. पाकीट तिनेच चिकटवलं.

पत्र गेलं, आणि चष्मेवाल्यांचा जीव टांगणीला लागला. त्या घराचं दार बंद झालं तर मास्तरांबद्दल बोलायला जगात दुसरं घर नव्हतं. कॅशियर चष्मा न्यायला आले तेव्हा चष्मेवाल्यांनी त्यांना डाव्याच्या जागी उजवं भिंग बसवून दिलं.

आणि एका सकाळी, यंत्रावर भिंगाची कड घासत असताना फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मास्तर.

चष्मेवाल्यांनी यंत्र बंद केलं. हात पुसायचं सुचलं नाही.

"पत्र मिळालं," वहिनींचा आवाज आला. "मला तुम्हाला काही सांगायचंय, मध्ये बोलू नका. तुम्हाला कळवलं नाही ते चुकून नाही. मुलगी कळवणार होती, तिला मी सांगितलं, मी बोलते. मग तुमचा पहिला मेसेज आला, दुकानाचा. म्हटलं, उद्या सांगू. मग ती माजाची भाषा आली. इतका राग आला मला! म्हटलं, मरू दे, नाहीच सांगत या माणसाला. बस म्हणावं चरफडत."

"बरोबर केलंत."

"मध्ये बोलू नका म्हटलं ना? मग पुढच्या आठवड्यात वकिलाच्या बाह्यांचा आला. इथे येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा. मास्तर असे होते, मास्तर तसे होते. होते, होते, होते. एकटे तुम्ही त्यांच्यावर ओरडत होतात. जिवंत माणसावर ओरडतात तसे. मी वाट बघायला लागले तुमच्या मेसेजची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही 'होते' म्हणायला लागला असता. म्हणून नाही सांगितलं. वाचायची आणि गप्प बसायची."

चष्मेवाल्यांना आधी रडू आलं, आणि रडण्याच्या मागोमाग, त्यांच्या स्वभावाला धरून, संताप आला. एवढे महिने! एवढे महिने त्यांनी एका गेलेल्या माणसाला शिव्या दिल्या होत्या, आणि या बाईने देऊ दिल्या होत्या.

"वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "माझाही माणूस होता तो! मलाही रडायचं होतं त्याच्यासाठी. तो हक्क तुम्ही परस्पर काढून घेतलात. हे वाईट केलंत. फार वाईट केलंत तुम्ही!"

चष्मेवाल्यांना वाटलं, आता ठेवला फोन. पत्रात केलेली सगळी मेहनत एका दमात मातीत घातली आपण.

"हो," वहिनी म्हणाल्या. "वाईट केलं. चुकलं माझं. पण असं रागवून माझ्याशी इतक्या दिवसांत कोणी बोललं नाही हो. सगळे मला जपूनच हात लावतात."

"मी नाही जपणार. मी तिथे येऊन भांडणार आहे. तुमच्याशीही आणि त्याच्याशीही."

"या," वहिनी म्हणाल्या. "लवकर या. आणि येईपर्यंत लिहीत राहा याच नंबरवर. आता मी उत्तर देईन."