अर्धा टक्का

"ऑपरेशनसाठी कर्ज कशाला काढतोस? प्राप्तिकराचे एक लाख वीस हजार परत यायचेत. उशीर झाला तर वर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळेल," असं मीच दादाला छातीठोकपणे सांगितलं होतं. करसल्लागार ना मी! दादाने ऐकलं, हेच चुकलं.

परतावा आला तोवर डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यात व्याज धरलंच नव्हतं. तेव्हा कुठे मला चेव आला आणि मी दुरुस्तीचा अर्ज ठोकला.

आज वहिनीने पासबुक आणून माझ्यापुढे आपटलं. "हे कसले पैसे, भावजी?"

परताव्याची जुनी नोंद वर होती. खाली आजच्या तारखेला, वेगळ्या ओळीत, अकरा हजार चारशे जमा होते.

"व्याज," मी म्हणालो. "महिन्याला सहाशे, एकोणीस महिन्यांचं."

"एकोणीस महिने," एवढंच ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. ती परत आलीच नाही.

दादा खाटेवरून माझ्याकडे बघत होता. गप्प बसवेना, म्हणून मी पुन्हा धंद्याचंच बोललो. "मूळ परताव्यावर कर नाही, पण व्याज हे उत्पन्न धरतात. पुढच्या विवरणात दाखवावं लागेल."

"दाखव की," दादा म्हणाला. "पण त्यावर सही हिची लागेल ना? आत्ताच शिकवून ठेव तिला."

मी पासबुक मिटलं. दादा बरोबर बोलत होता.