भाड्याची खुर्ची, काचेचा गाळा

दाराखालून कागद सर्रकन आत सरकला, आणि दुपारची सगळी शांतता त्याच्यासोबत फाटली. क्षितिजा नुकतीच झोपली होती. या पोरीची झोप म्हणजे दुधावरची साय, फुंकर लागली तरी सुरकुतणारी. शुभदा चवड्यांवर चालत दाराशी गेली, मनात दोन शिव्या तयार ठेवून.

सोसायटीची नोटीस होती. 'बी-३०४ मध्ये चालणारे ब्यूटी पार्लर महिनाअखेर बंद करावे. जिन्यात चपलांचा खच पडतो, रहिवाशांना त्रास होतो.' खाली सेक्रेटरी काशीनाथकाकांची सही. काकूंच्या भुवया शुभदानं परवाच केल्या होत्या, तेही फुकट. त्या दिवशी जिन्यातल्या खचात काकूंच्याही चपला होत्या. पण न्याय आंधळा असतो, आणि आमच्या सोसायटीत तो भुवया कोरून बसतो, असं शुभदाला वाटलं.

ब्यूटी पार्लर हा शब्द वाचून मात्र तिला जरा बरं वाटलं. हॉलमधली एक प्लास्टिकची खुर्ची, दिवाणावर अंथरलेला जुना टॉवेल, गॅसवर उकळणारं वॅक्स आणि दोऱ्याची रिळं, एवढ्याला कुणीतरी लेखी पार्लर म्हटलं होतं.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला नोटीस दाखवली. यतीन कुरियर कंपनीत कामाला. माणूस सरळ.

"तू ठरव," तो म्हणाला. "मी कशालाच नाही म्हणत नाही."

त्याचा हा मोठेपणा तिला नेहमीच अडचणीत आणायचा. तो नाही म्हणाला असता तर भांडून तरी काहीतरी ठरलं असतं.

ठरवायच्या वाटा दोन होत्या. पहिली, मृणालिनी मॅडमच्या सलूनमध्ये खुर्ची भाड्यानं घ्यायची. शेजारच्या कॉम्प्लेक्सात पहिल्या मजल्यावर, फक्त बायकांचं सलून. चार खुर्च्या, त्यातली एक रिकामी. बेसिन, पाणी, वीज, एसी मॅडमचा. महिन्याचं ठरलेलं भाडं द्यायचं, दोरा, वॅक्स, टॉवेल आपले आणायचे, आपल्या गिऱ्हाइकाचे पैसे आपण घ्यायचे. दुसरी वाट म्हणजे सिल्व्हर पार्कच्या मेन रोडवर शशिकांतशेठचा गाळा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दुकानाच्या दरानं वीज, गुमास्ता लायसन, आणि समोर पूर्ण काच.

हिशेब केला तर खुर्ची स्वस्त. हे पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. पण शुभदाचं पोर पहिलीत नव्हतं, सिनियर केजीत होतं, साडेबाराला घरी यायचं, आणि मृणालिनी मॅडमच्या सलूनमध्ये मुलं चालत नव्हती. गाळ्यात क्षितिजाला एक कोपरा मिळाला असता. चटई, रंगाची पेटी, डबा. नोकरी सोडून तिनं दोरा हातात धरला तो मुळात याच एका गोष्टीसाठी, पोर डोळ्यांसमोर राहावी म्हणून.

"आणि प्रोप्रायटर कोण होणार?" तिनं यतीनला विचारलं.

"कोण?"

"मी."

त्या 'मी'च्या धुंदीत तिनं दुसऱ्याच दिवशी दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. 'क्षितिजा ब्यूटी केअर. प्रोप्रा. सौ. शुभदा.' पत्ता गाळ्याचा. गाळा अजून घेतलेला नव्हता. लग्नाआधी बारशाचे पेढे वाटणाऱ्या माणसाला काय म्हणतात हे तिला माहीत होतं, पण तो शब्द ती दुसऱ्यांसाठी राखून होती.

शशिकांतशेठनं माप घ्यायला म्हणून शनिवारी एक दिवस किल्ली दिली. शुभदानं ठरवलं, नुसतं माप काय घ्यायचं, रंगीत तालीमच करू. घरची प्लास्टिकची खुर्ची, पावडरचा डबा, दोरा आणि शाळेला सुट्टी असलेली क्षितिजा, एवढा संसार घेऊन ती दहाला गाळ्यात हजर. नेहमीच्या बायकांना फोन करून झाले होते. "आज थ्रेडिंग फ्री, नवीन जागा बघून जा!"

सगळ्यात आधी आल्या आशाबेन. खालच्याच मजल्यावरच्या. गेली पाच वर्षं दर पंधरा दिवसांनी शुभदाकडे यायच्या, भुवया आणि ओठांवरची लव.

"वाह, शुभदा, काय जागा हाय! एकदम शोरूम!" आशाबेन खुर्चीत बसल्या. उजेडासाठी शुभदानं खुर्ची काचेकडे तोंड करून ठेवली होती. उजेड तर असा होता की भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा.

भुवया झाल्या. मग अप्पर लिप. हे काम ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला त्यातली शोभा कळायची नाही. आशाबेननी जीभ वरच्या ओठामागे दाबून ओठ फुगवला, दोन्ही हातांनी गाल ताणून धरले आणि डोळे मिटले. शुभदानं दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं आणि मान पुढेमागे हलवत दोरा चालवायला लागली. घरात हॉलचा पडदा ओढलेला असायचा, तेव्हा यात काहीच विशेष नव्हतं. आता मान वर केली तर काचेत तिला स्वतःचंच रूप दिसलं, दावणीला बांधलेली शेळी दोरी चावून सुटका करून घेतेय तसं. आणि काचेच्या पलीकडे रिक्षास्टँड होता. तीन रिक्षावाले मीटर बंद करून बघत होते. पानवाल्याचा चुन्याचा हात हवेत थांबला होता.

शुभदानं नजर दोऱ्यावर आणली. धंदा म्हटलं की लोक बघणारच. प्रोप्रायटरनं लाजून कसं चालेल?

क्षितिजाला मात्र एवढे प्रेक्षक जन्मात मिळाले नव्हते. तिनं दार ढकललं, उंबऱ्यावर उभी राहिली आणि रिक्षावाल्यांना ठणकावून सांगितलं, "माझी आई मिशी काढतेय! दुखतं, पण रडायचं नसतं!"

रिक्षावाले हसले. नेमका तेव्हाच पानाच्या टपरीवर एक स्कूटर येऊन थांबली. आशाबेननी एक डोळा किलकिला केला आणि खुर्चीत ताठ झाल्या.

"हाय हाय, मारा ए!"

हसमुखभाई. आशाबेनचे मिस्टर. हेल्मेट हातात, तोंड उघडं. अर्धा ओठ साफ, अर्धा तसाच, आणि त्यावर पांढरी पावडर, अशी बायको ते काचेतून बघत होते.

"दोरा थांबवू?" शुभदा दातांतूनच म्हणाली.

"अर्धी ठेऊन घरी जाऊ काय? कर, जल्दी कर!" आशाबेनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते दुखण्याचं नव्हतं. "अठरा साल झाले लग्नाला. त्यांला माहीतच नव्हतं, शुभदा! मी बोलायची, माझी स्किनच अशी हाय!"

उरलेला अर्धा ओठ शुभदानं आयुष्यात कधी केला नसेल इतक्या वेगानं केला. आशाबेन पदर नाकापर्यंत ओढून बाहेर पडल्या. हसमुखभाई स्कूटर न घेताच त्यांच्यामागे चालत गेले, बहुधा कुतूहलानं.

मग आल्या रेहानाभाभी. आल्या म्हणजे दारापर्यंतच. आत पाऊल टाकेनात.

"शुभदा, नक़ाब कहाँ उतारूँ? रोड पे?"

"पर्दा लगा दूँगी ना, भाभी. पूरा मोटावाला."

"लगाओ. मैं तो आ जाऊँगी. लेकिन मेनरोड पे पर्देवाला पार्लर देखके लोग क्या सोचेंगे, वो भी सोच लेना."

लोक काय विचार करतील ते शशिकांतशेठनं फोनवर स्पष्टच सांगितलं. "पडदा? नाय चालणार. पडदा लावला की उलटसुलट लोक विचारायला येतात, आत काय काय होतं म्हणून. काच ती काच राहू द्या."

शुभदा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. तिच्याकडच्या सत्तावीस बायका तिच्या हाताला भुलून येतात, असं इतकी वर्षं तिनं धरून चाललं होतं. आता उजेड पडला. हात चांगला होताच, पण बायका येत होत्या त्या तिच्या हॉलच्या पडद्यासाठी. त्यांना ओठ फुगवून, गाल ताणून, कुणीही न बघता दहा मिनिटं बसायला जागा हवी होती. ही अक्कल यायला दोनशे कार्डं आणि एका बायकोचं अठरा वर्षांचं गुपित खर्ची पडलं होतं.

किल्ली परत करून ती संध्याकाळी मृणालिनी मॅडमकडे गेली. जिना चढून वर, दुधी काचेचं दार, आत बायकाच बायका. एकीच्या डोक्याला मेंदी, एकीचे पाय टबात, कुणाला कुणाची लाज नाही.

मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "हे बघ, दोन तऱ्हा आहेत. टक्क्यावर आलीस तर गिऱ्हाईक माझं, माल माझा, निम्म्याहून जास्त पैसे माझे. भाड्यानं घेतलीस तर महिन्याला ठरलेली रक्कम दे, एकही बाई आली नाही तरी दे. तुझं नाव घेऊन आलेली बाई तुझी, जिना चढून अशीच आलेली माझी. दारावर तुझी पाटी लागणार नाही. कळलं?"

"कळलं. भाड्यानं." मग शुभदानं इतका वेळ गिळून ठेवलेलं विचारलं, "मुलगी आहे, पाच वर्षांची. कोपऱ्यात बसली तर..."

"नाही."

"एकदम गुणी आहे हो." दार ढकलून रिक्षावाल्यांना मिशीची बातमी देणाऱ्या मुलीबद्दल तिनं हे बिनदिक्कत सांगितलं.

"सगळ्याच गुणी असतात." मॅडमनी वॅक्सच्या हीटरकडे बोट दाखवलं. "तीन वर्षांपूर्वी एकीच्या मुलानं वायर ओढली. हातावर अजून डाग आहे त्याच्या. तू मला कितीही वाईट म्हण."

शुभदाला त्यांना वाईट म्हणायचं होतं, पण जमलं नाही. घरी गॅसवर वॅक्स उकळत असताना क्षितिजा किती वेळा ओट्याशी आली होती, ते तिला एकदम आठवलं. तिनं एका महिन्याचं भाडं आगाऊ दिलं. चारांतली दाराकडून तिसरी खुर्ची तिची झाली. काळी, वरखाली होणारी, हातावर जराशी फाटलेली.

परत येताना ती आपल्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गोदूबाईंकडे थांबली. गोदूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, घरीच चारपाच मुलं सांभाळायच्या.

"आण की," गोदूबाई म्हणाल्या. "पण रडली तर मी सारखी उचलून घेणार नाय हां. माजं कंबरडं गेलंय."

रात्री क्षितिजाच्या वेण्या सोडताना शुभदानं तिला सगळं सांगितलं. अगदी गोष्टीसारखं, चांगला शेवट करून. साडेबारा ते पाच गोदूबाई, मग आई. गोदूबाईंकडे साईराज आहे, खेळायला. क्षितिजानं ऐकून घेतलं. साईराज चावतो, एवढीच तक्रार केली.

"आणि आईनं खुर्ची घेतली," शुभदा म्हणाली. आवाजात नको म्हटलं तरी थोडी प्रोप्रायटर आलीच. "मोठी, काळी, गोल फिरणारी."

"विकत?"

"भाड्यानं. दर महिन्याला पैसे द्यायचे, मग ती आईची."

"मग तू त्यात बसून गोल गोल फिरणार?"

"नाही गं. त्यात आशाबेन बसणार, रेहानाआंटी बसणार. मी मागे उभी राहणार."

"दिवसभर?"

"हो."

क्षितिजानं अर्धी सुटलेली वेणी हातात धरून मागे वळून बघितलं. कुणीतरी आपल्या आईला साफ फसवलंय अशी तिची खात्री झाली होती.

"पैसे तू देणार, आणि बसणार त्या? मग आई, तू कुठे बसणार?"