शिबिराचा फोटो

प्रफुलने ती चार पानांची टीप अगदी सांभाळून लिहिली होती. विमा दलालाच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर माणसाला एक कला येतेच. सगळं सांगायचं, पण कुणाला कळणार नाही अशा बेताने.

हिंगणघाटच्या सूतगिरणीत मालक किसनरावांच्या केबिनमध्ये ती टीप टेबलावर पडली होती. गिरणीच्या कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा आठ दिवसांत संपत होता आणि कंपनीने हप्ता साठ टक्के वाढवून मागितला होता.

"काऊन?" किसनराव म्हणाले. "आमी पैसा भरला, लोकं बिमार पडले. बिमार पडाले मनाई आहे का?"

"मनाई नाही, साहेब. पण आपण शंभर रुपये भरले आणि दवाखान्यांना गेले एकशे अठ्ठावीस. कंपनीचा कारभार, आमचं कमिशन वगैरे शंभरातले वीस लागतात. दाव्यांना उरतात ऐंशी. एकशे अठ्ठावीस ऐंशीत बसवायचे तर हप्ता एकशे साठ हवा. बरं, यात दवाखान्यांची पुढची दरवाढ धरलेलीच नाही."

"मंग दावे कमी करा. तुमीच लिवलं आहे ना?" किसनरावांनी तिसरं पान उलटलं आणि पहिल्याच उपायावर बोट ठेवलं. "कामगारांचे आईबाप वगळा. झालं! म्हातारे लोकंच खर्च करतात."

दाराशी कामगारांचा प्रतिनिधी तानबा उभा होता. त्याची आई रामबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. तो प्रफुलकडे बघत राहिला.

एकशे अठ्ठावीसपैकी आईबापांचे जेमतेम तीस होते, हे प्रफुलला ठाऊक होतं. पन्नास होते दुसऱ्याच गोष्टीचे. टिपेत त्याने त्या खर्चाला नाव दिलं होतं, 'जनजागृतीनंतर अल्पमुदतीच्या भरतींमध्ये झालेली वाढ'. ती जनजागृती म्हणजे गेल्या वर्षीचं आरोग्य शिबिर. ते भरवलं होतं किसनरावांच्या भाच्याच्या दवाखान्याने, उद्घाटन केलं होतं खुद्द किसनरावांनी, आणि हार घातलेला त्यांचा फोटो अजून गेटवर फ्लेक्सवर झळकत होता.

"ही जनजागृती म्हंजे काय?" किसनरावांनी विचारलं.

"म्हणजे... लोकांमध्ये भरती होण्याविषयी थोडी जाणीव..."

"मी सांगू का, मालक?" तानबा पुढे आला. "शिबिरात मले गॅस निघाला. डाक्टर म्हणे, भरती हो, कॅशलेस आहे, तुले काय लागते? दोन दिवस सलाईन लावलं. कागदावर जुलाब लिवले. मले जुलाब झालेच नाई ना भाऊ! जेवण मातर झकास होतं. माह्या बाजूच्या खाटेवर आपला कापूस पिंजनारा अख्खा कार्डिंग खाता झोपून होता."



"नुसती तपासणी करायला भरती केलं तर कंपनी पैसे देत नाही," प्रफुल खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणून आजार लिहावा लागतो. आणि साहेब, आईबाप काढले तरी हा खर्च तसाच राहील."

किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भाच्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

"तो दवाखाना तुमची कंपनी यादीतून काढू शकते?"

"काढू शकते. मग तिथे कॅशलेसही नाही आणि बिलाचे पैसेही परत नाहीत. अगदी जीवावरचं असेल तरच."

"तं काढू द्या कंपनीले. ताईचा फोन आला तं मी म्हनीन, कंपनीवाले लई खराब लोकं आहेत, माह्यं काई चालते का त्यायच्यापुढं?"

अशा रीतीने कंपनी खराब ठरली आणि आईबाप वाचले. त्यांच्या बिलातला दहावा हिस्सा कामगाराने भरायचा, खोलीच्या भाड्याला मर्यादा, आणि पुढचं शिबिर सरकारी डॉक्टरांचं, गिरणीच्याच आवारात, खाटांशिवाय. कंपनीचा कागदी सुधारणेवर पुरता विश्वास नव्हता, तरी साठ टक्के वाढीवरून ती पंचविसावर आली.

निघताना किसनरावांनी प्रफुलला हाक मारली. "प्रफुलबाबू, नोट चांगली लिवता तुमी. फक्त पयल्या पानावर शिबिराचा फोटो टाकजा, म्हंजे जनजागृतीचा अर्थ इचारा लागनार नाई."

महिन्याभराने रामबाईच्या एका डोळ्याची पट्टी निघाली. बिलातला आपला हिस्सा भरण्यासाठी आगाऊ पगार मागायला तानबा तिला घेऊन गिरणीवर आला. प्रफुलही कागद घेऊन नेमका तिथेच होता. म्हातारी गेटवरच्या फ्लेक्ससमोर थांबली, डोळा बारीक करून बघत राहिली.

"हे तं तुहे मालक होय ना रे?"

"हो ना माय. काऊन?"

"काई नाई. वर्सभर मी देव समजून राह्यली होती. आली का चप्पल काढून हात जोडो."

तिने पायातल्या चपलेकडे पाहिलं, पुन्हा एकदा हारातल्या किसनरावांकडे पाहिलं, आणि चप्पल न काढता आत गेली.