घंटेतलं कथील

ओतारी भट्टीसमोर असा नाचत होता की त्याच्या मिशांनाही ताल सापडला होता. बंदरावरच्या घंटेला अठ्ठ्याहत्तर किलो तांबं हवं होतं. दुकानात निघालं फक्त चाळीस, आणि मग त्याची नजर तराजूजवळच्या तांब्याच्या वजनांवर गेली. वीस, दहा, पाच, दोन, एक. बेरीज अडतीस! वजनाचं वजन तर ठाऊकच असतं. धडाधड सगळी भट्टीत गेली.

"बघितलंस डोकं?" तो बायकोला म्हणाला.

"बघितलं," ती म्हणाली. "आता बावीस किलो कथील कशानं मोजणार?"

ओताऱ्याचा पाय हवेतच राहिला.

कथील कमी पडलं तर घंटा भांड्यासारखी बद्द वाजणार, जास्त झालं तर पहिल्याच टोल्याला तडकणार. आणि त्याची सगळी पुंजी आत उकळत होती. भाता ओढणारा भाऊ ओरडला, "दादा, रस तयार आहे! किती वेळ धरू?"

बायको दाराकडे धावली. तिचे वडील तराजू बनवायचे. लग्नात त्यांनी लेकीला चार लोखंडी वजनं दिली होती: एक, तीन, नऊ आणि सत्तावीस किलोचं. या घरानं ती दाराला टेकण म्हणून लावली होती, नि सासऱ्याच्या हिशेबावर ओतारी आजवर पोट धरून हसला होता.

"अगं, यांचं काय करू? एक, तीन, नऊ मिळून तेरा. पुढं एकदम सत्तावीस! मधले बावीस काय तुझे बाबा आणून देणार?"

"देतील. बोलू नका, उचला."

तिनं एका पारड्यात सत्तावीस, तीन आणि एक ठेवलं. झाले एकतीस. दुसऱ्यात कथलाच्या पट्ट्या, आणि त्यांच्याच शेजारी नऊचं वजन.

"मालाच्या बाजूला वजन? वेड लागलं काय?"

"एकतीसमधून नऊ गेले की राहिले किती?"

ओताऱ्यानं बोटांवर मोजलं. मिशा ताठ झाल्या. "बावीस! थांब, पाच किलो असते तर?"

"समोर नऊ, मालासोबत तीन आणि एक. एकपासून चाळीसपर्यंत हवं ते मागा. पण आधी पट्ट्या टाका हो!"

काटा डुलला, डुलला, आणि मध्ये थांबला. कथील रसात गेलं, रस साच्यात गेला, आणि तो निवेपर्यंत तिघांनी एक घास गिळला नाही.

पहिला टोला भावानं दिला. आवाज असा लांबला की शेजारच्या आळीतलं रडणारं पोर गप्प झालं, कुत्र्यांनी माना वर केल्या, आणि ओतारी म्हणे त्याच आवाजात अंघोळ करून आला, तरी घंटा गुणगुणतच होती!

आल्याआल्या त्यानं विचारलं, "चाळीसच्या पुढं काय गं?"

"एक्याऐंशीचं पाचवं वजन. मग एकशे एकवीसपर्यंत."

"ओततो लगेच!" तो नवं तांबं आणायला निघाला.

"तांब्याचं नको हं," ती म्हणाली. "लोहाराकडून आणा."