दुसऱ्या काचंचं नाव

मोडक डॉक्टर लढाईवर निघालं, तवा हरिबाच्या हातात सोळा कागद ठेवून गेलं.

"हरिबा, आता भाषण द्यायला मी नाही. ह्याच्या काचा कर. गावात जो शिकलेला असेल तो वाचेल, तू दिवा धर. काच बोलली पाहिजे, मी नसलो तरी."

हरिबा म्हंजी साताऱ्याच्या आरोग्य खात्यातला दिवेवाला. पलटणीत व्हता, गुडघ्यात गोळी बसली म्हणून घरी आला. शाळेचं तोंड त्यानं फारसं बघितलं न्हाई, पर पलटणीच्या पेट्यांवर नावं रंगवून रंगवून अक्षर असं वळणदार झालेलं की तलाठ्यानं लाजावं. गावोगाव पडदा बांधायचा, दिव्याफुडं काच धरायची, पडद्यावर चित्र पाडायचं. डॉक्टर शेजारी उभं राहून नारूवर तासभर बोलायचं. नारू म्हंजी पायातनं निघणारा दोऱ्यावानी किडा. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिलं, की वर्सानं फोड येतो नि त्यातनं त्यो तोंड काढतो.

आता सोळा कागद नि काचा किती? लढाईमुळं काच मिळंना. खोक्यात चौदा जोड्या निघाल्या, तळहाताएवढ्या.

हरिबानं पलटणीची रीत लावली. हुकूम आखूड पायजे. लांबड लावली की शिपाई इसरतो. एका काचंवर एकच बाब, वर तिचं नाव मोठ्या अक्षरात, खाली चार वळी, वळीत चार-पाच शब्द. जास्त लिवलं की अक्षर बारीक, नि मागं बसलेल्याला मुंग्या दिसत्यात. कागदावर आधी आराखडा काढला:

*पाणी कसं प्यावं*
दुपदरी फडक्यातनं गाळा
फडकं रोज धुवा

*नारू निघाला तर*
काडीवर गुंडाळा
रोज थोडा थोडा
फोड उकळल्या पाण्यानं धुवा
स्वच्छ फडकं बांधा

डॉक्टरांचं दीड पान चार वळीत! हरिबा सोताशीच हसला. "डाक्टर, तुमी पगार शब्दावर घेताय व्हय?"

अकराव्या पानावर काय करू नये ते व्हतं. सात गोष्टी. आन् दर वाक्याच्या शेवटाला नये, नये, नये. हरिबाला कटकट वाटली. वर नावच "असं करू नये" दिलं, की खाली सारखं कशाला? त्यानं समदे नये उडवले. नुसतं लिवलं: नारू ओढणं. सुईनं टोचणं. काडी काढून टाकणं. फोडाचा पाय विहिरीत घालणं. चार वळी भरल्या. उरल्या तीन. त्या दुसऱ्या काचंवर टाकल्या नि तिला नाव दिलंच न्हाई. एकदा वर सांगितलंय की. जागा मोकळी मिळाली तर अक्षर आणिक मोठं काढलं.

मग काचंवर सरसाचा पातळ थर, वाळल्यावर काळ्या शाईनं लिवणं, वरनं दुसरी काच, कडंनं काळा कागद. दिव्यात काच उलटी घालायची असती, म्हणून कोपऱ्याला टिकली. शेवटाला एक काच उरली. तिच्यावर हरिबानं फुलं काढली नि लिवलं, "रामराम. लेखन – हरिबा."

पहिला खेळ पलूसच्या अलीकडं, त्याच्या थोरल्या भणीच्या गावात. दगडाबाईनं त्याला आईमागं कडंवर वाढवलेला. नवरा धुळा मेंढरं राखायचा. त्या वक्ताला तिच्याच पायाला नारू निघालेला, वीतभर काडीवर गुंडाळलेला.

हरिबा वाचणाऱ्या मास्तराला म्हणाला, "जसं लिवलंय तसंच वाचा. पदरचं घालू नगा."

"आमी काय कीर्तनकार हाय व्हय, पदरचं घालायला?" मास्तर म्हणालं.

"असं करू नये" ही काच झाली नि दिव्याची जाळी भसकन फुटली. अंधार. पोरं शिट्ट्या मारायला लागली, माणसं तंबाखू मळायला उठली. नवी जाळी बांधून दिवा पेटवूस्तवर चांगला येळ गेला. तवर धारा-भाकऱ्या उरकून बायका आल्या नि मागं टेकल्या. दगडाबाई बी लंगडत आली. हरिबानं फुडची काच घातली.

मास्तरांनी ठणठणीत आवाजात वाचलं:

"फोडावर शेणाचा लेप. चुन्याची पट्टी. जुन्या चिंधीनं बांधणं."

बायकांनी माना डोलावल्या. हरिबाला बरं वाटलं. पार मागं ऐकू जातंय म्हणायचं.

खेळ मोडल्यावर दगडाबाई भाकरी घेऊन आली. "शेवटाला तुझं नाव आलं म्हनं रं पडद्यावर! मास्तर वाचाय लागलं तवा माज्या अंगावर काटा आला. समदं ध्येनात ठिवलंय बग मी."

"व्हय आक्का," हरिबा म्हणाला. त्यो काचा मोजत व्हता.

बाराव्या दिवशी कोरेगावच्या बाजारात पडदा बांधताना भणीच्या गावचा कृष्णात त्याला हुडकत आला.

"हरिबा, चल. आक्काचा जबडा बसलाय."

पलटणीत हरिबानं धनुर्वातानं जबडा बसलेली माणसं बघितली व्हती. त्यानं दोरी हातातनं सोडली नि कृष्णाताच्या मागं निघाला.

खोपटात दगडाबाई धनुष्यावानी वाकलेली. भांडं वाजलं की आणिक वाकायची. डोळं मात्र शुद्धीवर. हरिबानं पायावरली चिंधी सोडली. खाली शेणाचा वाळका पापुद्रा.

"दाजी, ह्ये कुणी लावलं?"

धुळा त्याच्याकडं बघतच राहिला. "आरं, तूच की."

"मी?"

"तुज्या काचंवर व्हतं. मी म्हनलं, आगं मागं डाक्टर न्हाई म्हनला व्हता शेणाला. तर मलाच दटावलं. म्हनली, डाक्टर परका, ह्ये माज्या भावानं लिवलंय. चिंधी बी जुनीच हुडकली तिनं. तुजं समदं ऐकलं."

बैलगाडीत घालून सांगलीकडं निघाले. दर धक्क्याला तिला झटका यायचा. हरिबा चाकाच्या म्होरं चालत रस्त्यातली दगडं येचत व्हता, गुडघा वढत. सांगली दोन कोस ऱ्हायली, तवा धुळानं बैल उभं केलं.

"हरिबा, ऱ्हाऊ दे आता दगडं," त्यो म्हणाला.

आक्काचं दहावं-बारावं उरकल्यावर हरिबा साताऱ्याला आला नि अकरावं पान काढलं. शेणाचा लेप लावू नये. चुना भरू नये. चिंधी बांधू नये. डॉक्टरांनी एक बी नये सोडलं नव्हतं. त्या माणसाला ठावं व्हतं, कोण कवा येऊन बसंल त्याचा नेम न्हाई.

नव्यानं लिवायला घेतलं. सात गोष्टी, दर वळीला नये, दर काचंला नाव, अक्षर मोठंच ठेवायचं, आता दोन काचांत बसंनात. तिसरी पायजे नि काच एक बी शिल्लक न्हाई. हरिबानं फुलांची काच काढली, कोमट पाण्यात धरली. फुलं गेली, रामराम गेला, नाव गेलं. ही काच आधीपास्नं व्हती, तवाच नये लिवायला वापरता आली असती, ह्यो मनातला काटा मात्र गेला न्हाई.

पुन्हा त्याच गावात पडदा बांधला. मास्तरांना सांगून ह्या येळी हरिबा सोता वाचाय उभा राहिला. धुळा पार म्होरं, पडद्याला नाक लावून बसलेला. त्याला अक्षर येत न्हाई.

पहिली काच पडली.

"वर काय लिवलंय?" धुळानं इचारलं.

"असं करू नये."

हरिबानं तिन्ही वळी वाचल्या. दुसरी काच घातली.

"हिच्या वर?"

"असं करू नये, दाजी."

तिसरी घातली. तिच्यावर शेणाची वळ व्हती. हरिबा दिव्याशीच चाळा करत राहिला. धुळा वाट बघत व्हता, मागं बायका वाट बघत व्हत्या. मग धुळाच माघारी वळला, बायकांकडं तोंड करून वरडला,

"हिच्या बी वर त्येच हाय, आयाबायांनो! असं करू नये!"