तळावरची रेघ

समुद्राचा तळ दिसतो असं लोकांना वाटतं, आणि मला त्याचा संताप येतो. दिसत काही नाही, ऐकू येतं. आमच्या सर्वेक्षणाच्या लाँचच्या पोटाखाली सोनार बसवलेला आहे, आवाजानं खोली मोजणारं यंत्र. तो आवाजाचा पंखा खाली सोडतो, डावी-उजवीकडे रुंद आणि पुढे-मागे अगदी पातळ. तळावर आपटून परत आलेला आवाज शेकडो किरणांत वाटून मोजला जातो. कोणत्या कोनातून, किती वेळानं परतला, त्यावरून खोली. लाँच डुलते, तिचं डुलणं वेगळं यंत्र मोजतं आणि गणितातून वजा होतं. पाण्यात आवाजाचा वेग बदलत राहतो, म्हणून मधूनमधून लाँच थांबवून वेग मोजायची नळी तळापर्यंत सोडायची. एवढं सगळं केल्यावर पडद्यावर रंगीत चित्र येतं आणि मग बंदरातला कोणीही येऊन विचारतो, "मॅडम, मासे दिसतात का हो?"

या वेळी मासे विचारायला कोणी आलं नाही. वादळात एक मासेमारी बोट गेली होती. पाच माणसं होती, एकही प्रेत हाती लागलं नव्हतं. बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आमच्या लाँचच्या कप्तानाचा सख्खा धाकटा भाऊ. कप्तान त्याला 'धाकटा' एवढंच म्हणायचा, म्हणून आम्हीही.

धाकट्याचा शेवटचा रेडिओ बंदरातल्या सगळ्यांनी ऐकला होता. इंजिन बंद पडलंय, पाणी शिरतंय, असं म्हणून त्यानं जागा सांगितली आणि आवाज तुटला. तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कप्तानानं त्याच क्षणी मान खाली घातली, म्हणे. गेली बोट, एका लाटेत गेली, असं म्हणाला. बंदराच्या साहेबांनीही तेच लिहून टाकलं. दुपारी वारा उतरल्यावर बोटी शोधायला गेल्या, त्यांना एक फळकुटसुद्धा मिळालं नाही.

मग आम्हाला पाठवलं. रेडिओवर सांगितलेल्या जागेभोवती मी चौकोन आखला आणि आम्ही सरळ पट्टे मारायला लागलो. भिंत रंगवताना ब्रशचा एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवतात, तसे. खाली पंचवीस-तीस मीटर पाणी, तळ मऊ चिखलाचा, टेबलासारखा सपाट. असल्या तळावर बोट लपत नाही. तरी चौकोन संपत आला आणि बोट नाही. कप्तान सुकाणूवरून न वळता दर थोड्या वेळानं विचारायचा, "काही?"

"नाही."

त्या 'नाही'ची मला लाज वाटायला लागली होती.

शेवटी शेवटी एका पट्ट्यात एक बारीक रेघ यायला लागली. लाँचच्या बरोबर खाली, पट्ट्याच्या दिशेनंच जाणारी. असली रेघ आम्हा लोकांना पाठ असते. सरळ खालून येणारा आवाज जोरात परततो, मधले किरण चुकतात आणि चित्रात शिवण उमटते. मी ती दोषाच्या खात्यात टाकली आणि साफ करायला घेतली. निम्मी पुसून झाली तेव्हा लक्षात आलं, की पुढच्या पट्ट्यात रेघ मधोमध नाही. बाजूला सरकली आहे.

याची परीक्षा सोपी असते. आडवं जायचं. रेघ यंत्राची असली तर लाँच वळेल तशी तीही वळते, तळाची असली तर जागची हलत नाही.

"कप्तान, आडवा पट्टा घ्या."

त्यानं घेतला. रेघ जागेवरच होती. वीतभर खोल चर, चिखलात ओढलेला. पुसलेलं सगळं मी मुकाट्यानं परत आणलं.

कप्तान सुकाणू खलाशाकडे देऊन माझ्या मागे उभा राहिला. "जाळ्याच्या फळ्या असतील, तळाला घासत गेलेल्या," मी म्हटलं.

"फळ्या दोन असतात मॅडम. खुणाही जोडीनं पडतात." तो पडद्यावर वाकला. "हा नांगर आहे. बोट नांगरासकट ओढत गेलीय."

म्हणजे बोट तिथे बुडालीच नव्हती. बोट भलतीकडे, आणि आम्ही रेडिओवरच्या जागीच शोधत बसलो होतो. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. कप्तान मात्र सुकाणूकडे परत गेला. त्याला माझ्या आधी कळलं होतं. बुडालेली बोट नांगर टाकत नाही.

आम्ही चराच्या मागे गेलो. कुठे लाटांनी चिखल सारून तो बुजवलेला, पुढे परत उमटलेला. बराच वेळ तो एकाच दिशेला गेला, वादळी वाऱ्याच्या दिशेला. मग एका ठिकाणी वळला. बंदरातल्या पोराटोरांनाही माहीत होतं की त्या दिवशी उजाडताना वारा फिरला होता. चरही फिरला होता. आणि वळणानंतर थोड्याच अंतरावर त्याच्या शेजारी दुसरा चर सुरू झाला, एकदम, मधूनच.

"दुसरा नांगर," कप्तान म्हणाला. "तो आपोआप पडत नाही. हातानं सोडावा लागतो."

दोन्ही चर संपले, त्याच्या पुढे बोट होती. कुशीवर पडलेली, केबिन शाबूत, डोलकाठी चिखलाला टेकलेली. इतकं सुंदर चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

परतताना कप्तानानं हळूच विचारलं, "रेघ पुसता येते ना?"

"येते. रोजच पुसतो आम्ही. मघाशी निम्मी पुसलीच होती."

"मग पुसा."

मला राग आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तो जिरलाही. "साहेबांना जाणाऱ्या नकाशातून एक ठिपका हलणार नाही," मी म्हटलं. "घरच्यांना फक्त बोटीपुरतं चित्र दाखवते. बास?"

त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याची बायको कप्तानाबरोबर ऑफिसात आली. आल्या आल्या खुर्चीच्या कडेवर बसली. मी बोटीपुरतं चित्र उघडलं. पडद्यावरच्या केबिनला बोटानं शिवून ती म्हणाली, "हा आतच असेल." मग कप्तानाकडे वळली. "दादा, याला खरंच काही कळलं नसेल ना? तुम्ही म्हणाला होतात तसं?"

आता एक 'नाही' म्हटलं की काम झालं होतं. मीच म्हणणार होते. माणूस गेल्यावर खऱ्याचं लोणचं घालायचंय का?

कप्तानानं माझ्या हाताखालून माऊस ओढून घेतला. त्याला तो नीट चालवता येत नव्हता, चित्र इकडेतिकडे पळालं. शेवटी ते लहान झालं आणि दोन्ही चर दिसले, मागे वळणापर्यंत आणि वळणाच्याही मागे.

"बोट रात्री बुडाली नाही," तो म्हणाला. "हा नांगर ओढत आली. इथे वारा फिरला, म्हणजे उजाडलं होतं. त्यानंतर हा दुसरा नांगर कोणीतरी टाकलाय. उजाडल्यावर बोटीवर माणसं जिवंत होती."

ती चराकडे बघत राहिली. "आणि उजाडताना तुम्ही कुठे होतात?"

"तुझ्या घरी. तो एका झटक्यात गेला, असं तुला समजावत होतो."

"मी तुमचे पाय धरले होते, दादा. लाँच काढा म्हणून."

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "मला या रेघेसकट चित्र द्याल?"

मी छापून दिलं.