पाच आठवडे अडलेली बटणं

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका दुकानात चला. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतीभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी एकेक बटण चिकटवलेलं, म्हणजे आत कोणता माल आहे ते न उघडताच कळावं. आता पांढऱ्या बटणाचा खण ओढून बघा. रिकामा आहे ना? त्याखालचा निळ्या दोऱ्याचा ओढा. तोही रिकामा.

हे दुकान आत्याचं. ती कोणाची तरी खरीखुरी आत्या होतीच, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. सुट्टीत तिची नऊ वर्षांची भाची राहायला आली होती. या मुलीला काहीही सांगा, ती उलट एक प्रश्न विचारणार, म्हणून आत्याने तिचं नाव वकील ठेवलं होतं.

त्या सोमवारी सकाळी शेजारच्या शिवणकाकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. शाळेचे साठ सदरे त्यांनी शिवायला घेतले होते. कापड बेतून झालं होतं, बाह्या, कॉलर सगळं तयार होतं. अडलं होतं ते बटणांवाचून आणि निळ्या दोऱ्यावाचून. पुढच्या बुधवारी शाळा उघडणार होती.

"आत्या, शनिवारपर्यंत थांबते," काकू म्हणाल्या. "नंतर मात्र मला बाजारातल्या मोठ्या दुकानात जावं लागेल. राग धरू नकोस."

राग कसला धरणार? आत्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'माल आलाच समजा' असं ती काकूंना पाच आठवडे सांगत आली होती. घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी पाठवून पाच आठवडे झाले होते आणि तिकडून ना माल, ना निरोप. दोनदा फोन केला, तर फोन उचलणारी नवी बाई म्हणाली, मागण्या बघणारे मुनीमकाका निवृत्त झाले, मी नवीन आहे, तुमची मागणी मला सापडत नाही, सगळं लिहून पाठवा.

काकू गेल्या आणि आत्याने कागद ओढला. रागाच्या भरात पेन असं पळत होतं की पान भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असून ही वागणूक, एवढा माज बरा नव्हे, आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला त्याचं सोयरसुतक नाही, असं बरंच काही त्यात होतं. लिहून झाल्यावर तिला जरा हलकं वाटलं. तिने कागद भाचीला वाचायला दिला.

वकीलबाईंनी तो दोनदा वाचला.

"आत्या, हे वाचून त्यांनी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? माल पाठवायचा."

"कोणता?"

"मी मागितलाय तो."

"तो यात लिहिलाच नाहीये," भाची म्हणाली. "कधी मागितला तेही नाहीये. नुसतं रागावलीयेस."

आत्याने कार्बनवाली मागणीवही काढली. दर मागणीची निळसर नक्कल तीत राहायची. पाच आठवड्यांपूर्वीचं पान उघडलं आणि आत्याने कपाळावर हात मारून घेतला. पानावर एकच ओळ होती: 'मुनीमकाका, नेहमीचा माल नेहमीप्रमाणे पाठवावा.' खाली दुकानाचा शिक्का, पण तो इतका झिजलेला की फोन नंबरचे शेवटचे आकडे नुसते डाग झाले होते.

मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. सगळीकडे तेच.

आत्याने वही मिटली. मग ती हळूहळू बोलायला लागली, भाचीशी कमी आणि स्वतःशीच जास्त. वीस वर्षं एका ओळीवर तिचं दुकान चाललं होतं. बटणं किती, केवढी, किती भोकांची, दोरा कोणत्या निळ्याचा, हे सगळं मुनीमकाकांच्या डोक्यात होतं. शाळा उघडायच्या आधी ते न सांगता पांढरी बटणं वाढवून पाठवायचे. एकदा दोऱ्याची छटा बदलली, तर आधी नमुन्याचा तुकडा पाठवून विचारलं होतं. आणि तिने एवढ्या वर्षांत त्यांना 'बरं केलंत' असा एक शब्दही लिहिला नव्हता. ती नवी बाई बिचारी त्या ओळीवरून काय काढून पाठवणार होती?

"फाडू हे?" भाचीने रागाचा कागद उचलून विचारलं.

"फाड," आत्या म्हणाली. "आणि इथे जवळ बस. हिशेब तुला करायचाय."

एका सदऱ्याला सात बटणं: पुढे पाच, बाह्यांना दोन. साठ सदऱ्यांना किती? भाचीने बोटं न वापरता चारशे वीस सांगितलं. बटणं येतात ग्रोसने, म्हणजे एकशे चव्वेचाळीसच्या डब्याने. तीन डबे मागवले की बारा बटणं हरवायला उरतात, असं तिने वर सुनावलं. निळ्या दोऱ्याचा नंबर आत्याने जुन्या रिकाम्या रिळाच्या चकतीवरून वाचून दाखवला. मग सावकाश पत्र तयार झालं:

'गेल्या महिन्याच्या तीन तारखेला पाठवलेल्या माझ्या मागणीचा माल अजून मिळालेला नाही. ती मागणी मी अपुरी लिहिली होती, ही चूक माझी. नक्कल सोबत जोडली आहे. मला हवा असलेला माल असा: पांढरी बटणं, चार भोकांची, अठरा नंबर मापाची, तीन ग्रोस. निळा दोरा, छटेचा नंबर खाली दिला आहे, बारा रिळं. शुक्रवारपर्यंत माल हवा आहे. सगळा तयार नसेल तर जो आहे तो आधी पाठवावा आणि उरलेला कधी येईल ते माझ्या फोनवर कळवावं. मुनीमकाकांनी वीस वर्षं माझ्या एका ओळीवरून सगळं ओळखून पाठवलं. त्यांना माझे मनापासून आभार कळवावेत. तुम्हालाही, कारण माझा हा सगळा घोळ आता तुम्हाला निस्तरावा लागणार आहे.'

खाली फोन नंबर हाताने, ठळक लिहिला. गल्लीतल्या दुकानांचा माल आणणारा टेम्पोवाला रोज सकाळी घाऊक बाजारात जायचा. मंगळवारी पत्र त्याच्या हाती दिलं आणि नव्या बाईंच्याच हातात द्यायचं, असं भाचीने त्याला तीनदा बजावलं. मला बहिरा समजतेस का, असं विचारून तो हसत निघून गेला.

बुधवारी 'माल उद्या येतोय' असा नव्या बाईंचा फोन आला आणि गुरुवारी दुपारी टेम्पोतून बटणांचं आणि दोऱ्याचं खोकं उतरलं. वर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नव्या बाईंनी लिहिलं होतं, की तुमची मागणी 'खुलासा हवा' असं लिहिलेल्या ट्रेमध्ये सापडली आणि तिच्याखाली तशाच एकोळी मागण्या आणखी अकरा दुकानांच्या निघाल्या. विचारायला नंबर एकावरही धड नव्हता. मग मी मुनीमकाकांच्या घरीच गेले. तुमचं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काल दिवसभर इथे येऊन बसले. प्रत्येक दुकानाचं नेहमीचं काय, ते त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. बाराही दुकानांचा माल आज निघतोय. तुमचे उपकार झाले.

"माझे कसले उपकार," आत्या म्हणाली. तिने चिठ्ठी घडी करून भाचीच्या हातात ठेवली. "हे तुझं आहे, वकीलबाई. तू विचारलं नसतंस तर मी अजून भांडतच बसले असते."

भाचीने चिठ्ठी फ्रॉकच्या खिशात घातली, बटणांचे तिन्ही डबे पोटाशी धरले आणि चपला न घालताच शेजारी पळाली. शिवणकाकू यंत्रावरून उठायच्या आत तिने जमिनीवर फतकल मारली, पहिला डबा उघडला आणि एकेका सदऱ्यावर सात-सात बटणं मोजून ठेवायला सुरुवात केली.